डाळमिलमधून निघताना लिहिलेला राजीनामा

जळगावच्या दाणा बाजारात ज्याने हिशोबाचं काम केलं, तो नोकरी सोडतो पण बाजार सोडत नाही. तेच दलाल, तेच सीए, तोच चहावाला, आणि एमआयडीसीच्या रस्त्यावर सकाळी तेच चेहरे. मी एका डाळमिलची वह्या-खाती नऊ वर्षं सांभाळली. २०२५ च्या जूनमध्ये एमआयडीसीतल्याच एका प्लास्टिक पाइपच्या कारखान्यातून नेमणूकपत्र आलं. २७ हजारांचे ३८ हजार होत होते आणि काम एकट्याच्या डोक्यावर न राहता तीन जणांत वाटलेलं होतं. जायचं हे ठरलं होतंच. प्रश्न होता तो कागदाचा.

नेटवर राजीनाम्याचे नमुने खंडीभर सापडतात. बहुतेकांत 'माझ्या कारकिर्दीच्या पुढील वाटचालीसाठी' असं एक वाक्य असतं, ते वाचून आमचे शेठ चष्मा काढून विचारतील, "म्हणजे कुठे चाललास, भाऊ?" आणि दुसरं म्हणजे त्या सगळ्या नमुन्यांत शेवटच्या दिवसाची जागा कोरी असते. अकाउंटंटच्या राजीनाम्यात खरा विचार तिथेच करावा लागतो.

कारण आमचा महिना कॅलेंडरवर वेगळा चालतो. सात तारखेला टीडीएसचा भरणा, अकरापर्यंत जीएसटीआर-१, पंधरापर्यंत पीएफ, वीसपर्यंत जीएसटीचंच थ्री-बी रिटर्न. जुलैत यात एप्रिल ते जूनचं टीडीएस रिटर्न वाढतं, त्याची मुदत ३१ जुलै. आता समजा, मी १० जुलैला निघालो असतो. जूनची विक्री माझ्या हाताने नोंदलेली, रिटर्न मात्र दुसऱ्याने भरायचं. कुठे बिल सुटलं की नवीन माणूस म्हणणार 'जुन्याने ठेवलं', आणि मी म्हणणार 'नव्याने पाहिलं नाही'. महिना मधेच तुटला की जबाबदारीही मधेच तुटते. म्हणून मी ठरवलं की जून महिना शेवटच्या रिटर्नपर्यंत माझा, आणि ऑगस्टची पहिली नोंद दुसऱ्याची.

पाइपवाल्यांना मी १ जुलैपासून हवा होतो. मी त्यांच्या अकाउंट्स मॅनेजरना फोनवर सरळ सांगितलं की साहेब, मिलची नोटीस एक महिन्याची आहे, आणि जूनची रिटर्न टाकून आलेला माणूस तुमच्याकडे आला तर उद्या तुमचीही टाकून जाणार नाही याची तुम्हाला खात्री राहील. ते हसले आणि १ ऑगस्टला तयार झाले. मात्र नेमणूकपत्रावर नवीन तारीख घालून ते पुन्हा ईमेलने येईपर्यंत मी मिलमध्ये तोंड उघडलं नाही. तोंडी 'या तुम्ही' वर राजीनामा देणारे दोन जण मी बाजारात पाहिले आहेत. दोघांचीही पुढची नोकरी महिनाभर लांबली आणि मागची तर सुटलेलीच होती.

तर शेवटचा दिवस ३१ जुलै, आणि पत्राची तारीख ३० जून, सोमवार. पूर्ण महिना भरला की पगारही पूर्ण निघतो, दिवस मोजत बसावं लागत नाही, आणि पीएफला नोकरी सोडल्याची तारीख महिनाअखेरची पडते. नव्या ठिकाणी दुसऱ्या दिवसापासून खातं सुरू होतं, मध्ये खंड राहत नाही.

अमळनेरला वडिलांना फोन केला. ते घरात अहिराणीच बोलतात. म्हणाले, "शेठले आधी तोंडवर सांग, मंग कागद दे." हे मला पटलं. आमच्याकडे टेबलावर पाकीट ठेवून जाणं म्हणजे भांडण करून जाणं. त्यामुळे पत्र खिशात तयार ठेवलं आणि सोमवारी दुपारी, बाजार समितीतला लिलाव आटोपून शेठ गादीवर येऊन बसल्यावर, तोंडी सांगितलं.

आता पत्रात काय लिहिलं ते पुढे देतो. फर्मचं नाव आणि माझं नाव तेवढं गाळलं आहे.

दिनांक : ३० जून २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापकीय भागीदार,
जळगाव.

विषय : लेखापाल पदाचा राजीनामा

सा. न. वि. वि.

मला दुसऱ्या ठिकाणी अधिक चांगली संधी मिळाली आहे. त्यामुळे मी लेखापाल पदाचा राजीनामा देत आहे. ठरलेल्या एक महिन्याच्या नोटिशीप्रमाणे ३१ जुलै २०२५ हा माझा कामाचा शेवटचा दिवस राहील.

जून महिन्याची जीएसटी व पीएफची विवरणपत्रे आणि पहिल्या तिमाहीचे टीडीएस विवरणपत्र मी जाण्यापूर्वी भरून देईन. सर्व पोर्टलवर नोंदलेले माझे मोबाईल क्रमांक व ईमेल बदलून, कामाची लेखी सोपवणूक आपण नेमाल त्या व्यक्तीकडे करीन. ऑडिटसाठी जुन्या नोंदींची माहिती लागल्यास ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत फोनवर देईन.

२०१७ साली जीएसटी नवीन असताना आपण मला मिलच्या खर्चाने शिकायला पाठवले, आणि २०२० च्या टाळेबंदीत एकही पगार कापला नाही. हे मी विसरणार नाही. आपले व सर्व सहकाऱ्यांचे मनापासून आभार.

राजीनामा स्वीकारून शेवटच्या दिवशी कार्यमुक्तीचे पत्र द्यावे, ही विनंती.

आपला नम्र,
(सही)

एवढंच. एका पानाच्या निम्म्यात बसलं.

पहिल्या वाक्यात 'अधिक चांगली संधी' असं उघड लिहिलं. घरगुती कारण, प्रकृती, गावी शेती बघायची आहे, असली कारणं आमच्या बाजारात आठवडाभरही टिकत नाहीत. दलाल संध्याकाळपर्यंत सांगतो की तुमचा माणूस पाइपच्या कारखान्यात बसणार आहे. पण आकडा आणि कारखान्याचं नाव लिहिलं नाही. आकडा लिहिला की पत्राचा राजीनामा राहत नाही, पगारवाढीचा अर्ज होतो, आणि समोरचाही त्याला तसंच उत्तर देतो. मिलमध्ये चार वर्षं पगार दोनदाच वाढला होता, मागच्या मार्चमध्ये वर्षअखेरीचं काम रात्री दहापर्यंत चाललं होतं, हेही खरं होतं. ते पत्रात घालून काय मिळणार? असं पत्र फाईलला लागतं. पाच वर्षांनी नवीन भागीदार फाईल उघडतो तेव्हा त्याला माझी मार्चमधली झोप दिसायची काही गरज नाही.

आभाराचं मी जरा जास्त सांभाळलं. 'आपल्या मौलिक मार्गदर्शनाखाली बरेच काही शिकायला मिळाले' हे वाक्य कुणीही कुणालाही लिहू शकतो. मी दोन घटना लिहिल्या, वर्षासकट. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हा बाजारात कुणालाच काही धड कळत नव्हतं आणि शेठनी मला क्लासला पाठवलं. क्लासच्या फीचं व्हाउचर मीच फाडलं होतं. शेठ पत्र वाचताना नेमके तिथेच थांबले. एक गोष्ट खरी असेल आणि दोघांना आठवत असेल, तर आभाराला तेवढं एक वाक्य पुरतं.

'फोनवर माहिती देईन' या ओळीला तारीख घातली, यावर माझ्या एका मित्राने नाक मुरडलं. त्याच्या मते 'केव्हाही मदत करीन' लिहिलं असतं तर जास्त आपुलकी दिसली असती. मी तसं मानत नाही. केव्हाही म्हणजे कधीपर्यंत, हे ठरलेलं नसलं की चार महिन्यांनी फोन उचलायचा कंटाळा येतो, आणि तेव्हा झालेला कडवटपणा आधीची सगळी आपुलकी खाऊन टाकतो. ३० सप्टेंबर ही कर ऑडिटच्या अहवालाची मुदत होती. २०२४-२५ ची वही माझी, तिचे प्रश्न मला विचारणं रास्त. त्यापुढची वही माझी नाही.

शेठनी दोनदा वाचलं. मग विचारलं, "कितीचा फरक?" मी सांगितलं. त्यांनी चार हजार वाढवायची तयारी दाखवली. मी हात जोडून म्हणालो, "शेठजी, तिकडे शब्द दिला आहे." मग ते ऑडिटवर आले, सप्टेंबरपर्यंत थांब म्हणाले. तेव्हा पत्रातली ती फोनची ओळ मी बोटाने दाखवली आणि विषय तिथेच मिटला. दुसऱ्या प्रतीवर त्यांनी 'मिळाले' लिहून सही, तारीख आणि मिलचा शिक्का दिला. ही पोच घेताना पुष्कळांना संकोच वाटतो, घरच्यासारख्या माणसाकडून काय सही घ्यायची म्हणून. पण नोटिशीचा महिना कधीपासून मोजायचा हे ती सहीच सांगते, आणि रोज व्हाउचरवर सह्या घेणाऱ्या माणसाने स्वतःच्या कागदावर लाजू नये.

आता सगळ्यात वेळखाऊ भाग, जो पत्रात एका ओळीत आहे. मोबाईल क्रमांक.

लहान फर्ममध्ये जीएसटी, प्राप्तिकर, टीडीएस, पीएफ, ई-वे बिल, सगळीकडे अकाउंटंटचाच नंबर टाकलेला असतो, कारण मालकाला रोज ओटीपी सांगत बसायचं नसतं. आमच्याकडेही तेच. २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पिशव्यांतल्या डाळीवर जुलै २०२२ पासून ५ टक्के कर आहे, त्याहून मोठी गोणी करमुक्त. म्हणजे छापील पिशव्यांचा ट्रक निघाला की ई-वे बिल लागतं, आणि १ एप्रिल २०२५ पासून त्या पोर्टलवर सगळ्यांनाच ओटीपी टाकून आत जावं लागतं. मी नंबर न बदलता गेलो असतो तर रात्री आठला मिलच्या फाटकावर ट्रक भरून उभा, आणि ओटीपी पाइपच्या कारखान्यात बसलेल्या माझ्या खिशात.

यात मालकाचा खोळंबा आहेच, पण अकाउंटंटचाही धोका आहे. माझ्या ओटीपीवर माझ्यामागे कुणी रिटर्न भरलं, तर भरताना कोण हजर होतं हे मी कसं सांगणार?

जीएसटीचा नंबर आधी बदलला, कारण ई-वे बिलाचं पोर्टल तिथलीच माहिती ओढून घेतं. पोर्टलवर नोंदणी दुरुस्तीत Non-core fields हा भाग आहे, त्यात अधिकृत सही करणाऱ्याच्या पानावर मोबाईल आणि ईमेल बदलता येतात. नवीन मोबाईलवर आणि नवीन ईमेलवर वेगवेगळा ओटीपी येतो, म्हणून दोन्ही समोर उघडे लागतात. धाकटे भागीदार, म्हणजे शेठचे चिरंजीव, यांना मी अर्धा तास माझ्या शेजारी बसवून ठेवलं. शेवटी भागीदाराच्याच डिजिटल सहीने अर्ज गेला. या दुरुस्तीला अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही, त्यामुळे फार थांबावं लागत नाही. मात्र हे थ्री-बी भरल्यानंतरच केलं. वीस तारखेच्या तोंडावर नंबर बदलायला घेतला आणि एखादा ओटीपी अडकला, तर विलंब शुल्काचा धनी कोण?

मग प्राप्तिकराचं पोर्टल, टीडीएसचं, पीएफचं, आणि बँक. बँकेत मी फक्त रक्कम भरणारा होतो, मंजूर करणारे शेठ. माझा वापरकर्ता बंद करायचं पत्र बँकेला फर्मच्या लेटरहेडवर दिलं आणि त्याचीही पोच घेतली. प्रत्येक बदलानंतर मी बाहेर पडून पुन्हा लॉगिन करून पाहिलं. ओटीपी चिरंजीवांच्या फोनवर वाजला की यादीत त्यासमोर खूण. त्यांना पहिल्याच दिवशी सात संदेश आले तेव्हा म्हणाले, "हे तुम्ही रोज झेलत होतात का?"

सोपवणुकीची यादी पत्राला जोडली नाही, ती वेगळी केली. पत्र माणसाला लिहिलेलं असतं, यादी टेबलाला. तिच्यात डिजिटल सहीचे दोन टोकन, टॅलीचा पासवर्ड, सुरू असलेले वाद, आणि न भरलेल्या पण सही झालेल्या चेकचे क्रमांक होते. हे शेवटचं सगळ्यांकडे असतं आणि कुणी बोलत नाही: शेठ बाहेरगावी जाताना चार-सहा कोऱ्या चेकवर सह्या करून कपाटात ठेवतात. ते क्रमांक लिहून, चेक समोर मोजून, पोच घेतल्याशिवाय कपाटाची किल्ली देऊ नये. गल्ल्यातली रोकडही ३१ तारखेला संध्याकाळी नव्या मुलासमोर मोजली, नोटांप्रमाणे तक्ता केला, टॅलीतल्या शिलकीशी जुळवला आणि आम्ही दोघांनी सह्या केल्या.

नव्या मुलाला डाळीच्या धंद्याची एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. करमुक्त गोणी आणि करपात्र पिशवी एकाच यंत्रातून निघतात, म्हणून दुरुस्ती-वाहतुकीवर भरलेल्या कराची वजावट पूर्ण घ्यायची नाही, विक्रीच्या प्रमाणात उलटवायची. त्याचा तक्ता मी मार्चपर्यंतचा करून ठेवला आणि एप्रिल-मे त्याच्याकडून करवून घेतले. जूनचा त्याने स्वतः केला तो बरोबर आला, तेव्हा माझ्या मनातली ३१ तारीख पक्की झाली.

ग्रॅच्युइटीचा उल्लेखही पत्रात मुद्दाम नाही. आभाराच्या खाली मागणी लिहिली की आभार मागणीची प्रस्तावना वाटायला लागतात. २ मे २०१६ ला लागलो होतो, म्हणजे नऊ वर्षं तीन महिने, हिशोबाला नऊ. मूळ पगार १८ हजार. त्याला १५ ने गुणून २६ ने भागलं आणि नऊने गुणलं की ९३,४६२ रुपये. वरचे महिने सहापेक्षा जास्त असते तर दहा धरले असते. यासाठी तेव्हा कायद्याचा नमुना 'आय' होता, तो भरून नोकरी संपल्यावर वेगळा दिला. मालकाला तीस दिवसांत पैसे द्यावे लागतात. शेठनी सीएंना फोन करून आकडा पडताळला आणि ऑगस्ट संपायच्या आत खात्यात जमा केला. तो आकडा मीच काढला होता, तरी पडताळला, याचं मला बरंच वाटलं. मीही तसंच केलं असतं.

कार्यमुक्तीच्या पत्रात मी तीन गोष्टी वाचून घेतल्या: लागल्याची तारीख, सुटल्याची तारीख, आणि पद. पहिल्या मसुद्यात सुटल्याची तारीख ३० जुलै पडली होती. एका दिवसाचा फरक क्षुल्लक वाटतो, पण राजीनाम्यात, पगारपत्रकात आणि पीएफच्या नोंदीत ३१ असताना इथे ३० आलं की पीएफ नव्या खात्यात वळवताना कुणीतरी तेवढ्यावरच अर्ज परत पाठवतो. तिथल्या तिथे नवीन प्रत काढून घेतली.

त्या वर्षी ऑडिटची मुदत सरकारने सप्टेंबर संपता संपता पुढे ढकलली. ऑक्टोबरच्या मध्यात चिरंजीवांचा फोन आला. आवाज जरा ओशाळला होता, कारण पत्रातली माझी तारीख उलटून गेली होती. अकोल्याच्या एका पार्टीचा फेब्रुवारीतला ४२ हजारांचा फरक सीएंना जुळत नव्हता. तुरीच्या मालात ओल निघाली म्हणून दलालाने तोडलेली घट होती ती, आणि तिची क्रेडिट नोट दलालाच्या फाईलला लागली होती, पार्टीच्या नाही. मी सांगितलं, निळी फाईल, वरून तिसऱ्या कप्प्यात. त्यांनी फोन चालू ठेवूनच काढली. "सापडली," म्हणाले, "आणि शेठ विचारत आहेत, दिवाळीच्या पूजेला येणार ना?"